शेकडा सव्वा आणि दसादशे दहा

चाकणच्या बाजारपेठेत एखाद्या सराफाच्या पेढीवर सोनेतारणाचं व्याज विचारलं, तर उत्तर शेकड्यात मिळतं. ‘शेकडा सव्वा’, म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला सव्वा रुपया. त्याच रस्त्यावरच्या बँकेत हाच प्रश्न विचारला तर ‘दसादशे दहा टक्के’ असं सांगतात, म्हणजे शंभर रुपयांना वर्षाला दहा रुपये. घाईत असलेल्या माणसाला दहापेक्षा सव्वा लहान वाटतो. सव्वाला बारानं गुणलं की वर्षाचे पंधरा टक्के होतात, हे शाळेतलं गणित आहे आणि ते बहुतेकांना जमतं. पण पंधरा विरुद्ध दहा एवढ्यावर निकाल लावला तर तोही अनेकदा चुकतो. व्याज कोणत्या रकमेवर धरलं, दिवसांवर मोजलं की महिन्यांवर, वर कोणती फी कापली आणि मधे काही पैसे भरले तर ते कुठे जमा झाले, या गोष्टी कळल्याशिवाय दोन दरांची तुलना होत नाही.

आधी ‘स्थानिक सावकार’ म्हणजे कोण, हे पाहायला हवं, कारण पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात सोन्यावर पैसे देणारे एकाच कायद्याखाली येत नाहीत. सराफाच्या पेढीवर परवाना घेऊन गहाणाचा धंदा करणारा सावकार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली येतो. त्याचा परवाना सहकार खात्याकडून मिळतो आणि तो पेढीवर दिसेल असा लावलेला असायला हवा. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, त्यांना सावकारी कायद्याची व्याजमर्यादा लागू नाही. सोनेतारणाच्या मोठ्या कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली आहेत, आणि राज्यांचे सावकारी कायदे अशा नोंदणीकृत कंपन्यांना लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. चौथा प्रकार बिनपरवान्याचा. त्याची पाटी नसते, पावती नसते, आणि कायद्यानं त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या लेखात तुलना बँकेची आणि परवानाधारक सावकाराची आहे.

२०१४ च्या या कायद्यानुसार राज्य सरकारनं परवानाधारक सावकारांसाठी कमाल दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारण घेऊन कर्ज दिलं तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. शेतकरी नसलेल्याला तारणावर १५ टक्के, विनातारण १८ टक्के. हे आकडे बाजाराच्या भाषेत आणले की लक्षात ठेवायला फार सोपे होतात. नऊ म्हणजे शेकडा पाऊण, बारा म्हणजे शेकडा एक, पंधरा म्हणजे शेकडा सव्वा आणि अठरा म्हणजे शेकडा दीड. तेव्हा कंपनीतल्या कामगारानं दागिना गहाण ठेवला तर सावकाराची कायदेशीर हद्द शेकडा सव्वाला संपते. ‘शेकडा दोन’ किंवा ‘शेकडा तीन’ हे दर आपण इतके सर्रास ऐकतो की ते रिवाजाचेच वाटू लागतात; ते वर्षाला २४ आणि ३६ टक्के आहेत आणि सोन्याच्या तारणावर बेकायदा आहेत. खेड तालुक्यात जमीनही कसणारी आणि कारखान्यातही जाणारी घरं पुष्कळ आहेत. सातबारा नावावर असेल आणि शेती स्वतः करत असाल तर ते कर्ज घेतानाच सांगावं, सातबाऱ्याची प्रत दाखवावी. पाऊण आणि सव्वा यांतला फरक लाखाला वर्षाला सहा हजार रुपयांचा आहे.

आता एक उदाहरण घेऊ. भोसरीत भाड्यानं राहणारं एक जोडपं आहे. तो म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात, ती घरून शिवणकाम करते. जूनमध्ये मुलीचा डिप्लोमाचा प्रवेश आणि खोलीचं वाढलेलं डिपॉझिट असे मिळून एक लाख रुपये हवे आहेत. ऑगस्टमध्ये भिशीचे वीस हजार हातात येतील आणि बाकीचं दिवाळीच्या बोनसवर फिटेल, असा त्यांचा अंदाज. म्हणजे १० जूनला कर्ज, १० ऑगस्टला २० हजारांचा भरणा आणि १४ नोव्हेंबरला उरलेलं सगळं देऊन दागिने सोडवायचे. एकूण १५७ दिवस. पहिल्या टप्प्यात ६१, दुसऱ्यात ९६.

समजा, बँकेचा दर दसादशे दहा आहे आणि व्याज रोजच्या शिल्लक रकमेवर. प्रक्रिया शुल्क अर्धा टक्का, म्हणजे ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये. दागिन्याची पारख करणाऱ्या मूल्यांकनकाराचे करासह ४०० रुपये. एकूण ९९० रुपये कर्ज मिळण्याआधीच गेले. (हे दर उदाहरणापुरते धरले आहेत, बँकेगणिक ते बदलतात, हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.)

पहिल्या ६१ दिवसांचं व्याज असं निघतं.

```
100000 × 10/100 × 61/365 = 1671
```

१० ऑगस्टला भरलेल्या २० हजारांतून आधी हे १,६७१ रुपये वळते होतात आणि उरलेले १८,३२९ मुद्दलात जातात. नवं मुद्दल ८१,६७१. त्यावर ९६ दिवसांचं व्याज २,१४८ रुपये. म्हणजे पाच महिन्यांचं एकूण व्याज ३,८१९ आणि फी धरून कर्जाचा पूर्ण खर्च ४,८०९ रुपये. वापरलेल्या पैशांवर आणि दिवसांवर हे पसरलं तर वर्षाचा खरा दर साधारण साडेबारा टक्के पडतो. दहाचे साडेबारा फक्त फीमुळे झाले. हेच कर्ज पूर्ण वर्षभर ठेवलं असतं तर तीच फी बारा महिन्यांत वाटली गेली असती आणि खरा दर अकराच्या आसपास राहिला असता. फी मुदतीवर अवलंबून नसते, म्हणून कर्ज जितकं लहान आणि थोड्या दिवसांचं, तितकी ती जास्त महाग पडते.

आता सराफाच्या पेढीवर जाऊ. तिथं फी नाही. परवानाधारक सावकाराला व्याजाशिवाय प्रक्रिया शुल्क, सेवा शुल्क असलं काही लावताच येत नाही; कागदपत्रं तपासणं, मुद्रांक, नोंदणी असे मोजके खर्च कायद्यानं चालतात आणि दागिन्याच्या गहाणात ते सहसा उद्भवत नाहीत. दर शेकडा सव्वा. समजा, त्यानं बँकेसारखंच दिवसांवर आणि उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं. पहिल्या ६१ दिवसांचे २,५०७ रुपये. वीस हजारांतून ते वजा जाऊन मुद्दल उरलं ८२,५०७. पुढच्या ९६ दिवसांचे ३,२५५. एकूण ५,७६२ रुपये. बँकेपेक्षा ९५३ रुपये जास्त.

पाच महिन्यांत साडेनऊशे रुपयांचा फरक म्हणजे फार नाही, असं कोणी म्हणेल, आणि मला ते पटतं. बँकेत दोन फेऱ्या झाल्या आणि कंत्राटी कामगाराचे दोन खाडे पडले तर तेवढी रोजी बुडतेच. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक छोट्या कारखान्यांना वीजदुरुस्तीमुळे गुरुवारची सुट्टी असते आणि गुरुवारी बँका उघड्या असतात. तिथल्या कामगाराला बँक गाठणं त्यामुळे सोपं जातं. रविवारची सुट्टी असलेल्याला रजा टाकावी लागते, तर पेढी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असते. हा खर्चही तुलनेत धरायला हवा.

किंबहुना काही कर्जं अशी आहेत की तिथं प्रामाणिक हिशेब करणारा सावकार बँकेपेक्षा स्वस्त पडतो. आपल्या उदाहरणात बँकेची फी ९९० रुपये आहे आणि दोन दरांत पाच टक्क्यांचं अंतर आहे. लाखावर पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे चौदा रुपये. म्हणजे बँकेची फी वसूल व्हायला ७२ दिवस लागतात. त्याआधीच दागिना सोडवायचा असेल, तर पेढीवरचं कर्ज स्वस्त. पगार महिनाभर लांबला म्हणून २० हजार हवे असतील, तर पेढीवर २५० रुपये व्याज होईल. बँकेत व्याज १६४ रुपयेच, पण किमान फी आणि मूल्यांकन धरून पाचसहाशे रुपये सहज जातात.

मात्र हे सगळं ‘दिवसांवर, उरलेल्या मुद्दलावर’ या तीन शब्दांवर उभं आहे. पेढीवर ते गृहीत धरता येत नाहीत. तिथले तीन रिवाज पाहू.

पहिला रिवाज महिना मोडण्याचा. १० जून ते १४ नोव्हेंबर हे पाच महिने चार दिवस. अनेक ठिकाणी नवा महिना एक दिवस जरी लागला तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेतात. चार दिवसांसाठी सहावा महिना लागला. दुसरा रिवाज, व्याज मूळ रकमेवर चालू ठेवण्याचा. ऑगस्टमध्ये दिलेले वीस हजार वहीत जमा होतात खरे, पण व्याज अखेरपर्यंत एक लाखावरच मोजलं जातं. विचारलं तर ‘दागिने सोडवाल तेव्हा वळते करू’ असं सांगतात. तिसरा रिवाज, पहिल्या महिन्याचं व्याज आगाऊ कापून घेण्याचा. कागदावर एक लाख, हातात ९८,७५०.

हे तीनही लावले तर सहा महिने गुणिले साडेबाराशे, एकूण ७,५०० रुपये. दर तोच शेकडा सव्वा, पाटीही तीच, पण खरा वार्षिक दर पंधरावरून सुमारे वीस टक्क्यांवर गेला. दिवसांवर मोजणाऱ्या सावकाराला ५,७६२ रुपये पुरले होते. यानं दर न वाढवता त्यावर १,७३८ रुपये काढले. आणि दर शेकडा दोन असता तर याच रिवाजांनी १२ हजार झाले असते, म्हणजे वर्षाला ३२ टक्क्यांच्या आसपास. महिना मोडण्याच्या रिवाजानं मघाचा ७२ दिवसांचा हिशेबही उलटतो. ७२ दिवस म्हणजे तीन महिने धरले तर पेढीवर ३,७५० रुपये आणि बँकेत फीसकट २,९६३.

यांतला आगाऊ कापणीचा रिवाज तर कायद्यालाच धरून नाही. प्रत्यक्ष दिली तेवढीच रक्कम कागदावर लिहायची, जास्त लिहायची नाही, कोऱ्या कागदावर सही घ्यायची नाही, हे सावकारी कायद्यात स्पष्ट आहे. चक्रवाढ व्याजालाही बंदी आहे. शिवाय आपल्याकडचं जुनं दामदुपटीचं तत्त्व या कायद्यात आहे. व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही. पाचसहा वर्षं पडून राहिलेला दागिना सोडवायला गेल्यावर ‘व्याजातच गेला’ असं उत्तर मिळतं तेव्हा हे कलम माहीत असायला हवं. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. पण ती करायला हातात पावती लागते.

बँकेचा हिशेब स्वच्छ असतो, असं म्हणून तिला सोडून देऊ नये. तिथं घोळ वेगळ्या जागी होतो. सोनेतारणात बँका साधारण तीन प्रकारची कर्जं देतात. एकात दर महिन्याचा हप्ता असतो. दुसऱ्यात मधे काही भरायचं नाही, बारा महिन्यांनी मुद्दल आणि व्याज एकदम द्यायचं. तिसरं ओव्हरड्राफ्टसारखं खातं, ज्यात काढाल तेवढ्यावरच रोजचं व्याज लागतं. एकदम फेडीच्या प्रकारात न भरलेलं व्याज बहुधा दर महिन्याला मुद्दलात मिळवतात. दहा टक्क्यांनी वर्षाचे दहा हजार होतील असं वाटत असताना १०,४७१ होतात. मधे भरलंत तर हा फुगवटा थांबतो, आणि म्हणून मधल्या भरण्याचे नियम व्याजदराइतकेच महत्त्वाचे ठरतात.

आपल्या जोडप्याला ऑगस्टमध्ये वीस हजार भरायचे आहेत. बँकेत विचारायचं ते हे की मधे रक्कम भरता येते का, किती वेळा, किमान किती, आणि त्यावर काही शुल्क आहे का. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. पण सोनेतारणाचे बरेचसे दर ठरलेले, म्हणजे स्थिर असतात, आणि स्थिर दराच्या कर्जावर बँक आपल्या धोरणानुसार शुल्क लावू शकते. ‘आरबीआयनं शुल्क बंद केलंय’ एवढं ऐकून निर्धास्त राहू नये. आपल्या कर्जाचा दर स्थिर आहे की बदलता, ते कागदावर पाहावं. काही ठिकाणी किमान व्याजाची अटही असते, म्हणजे चार दिवसांत सोडवलं तरी ठरावीक दिवसांचं व्याज द्यावंच लागतं.

पैसे भरल्यावर ते कुठे गेले हे पाहणं आणखी महत्त्वाचं. काउंटरवर भरलेले वीस हजार चुकून बचत खात्यात पडून राहतात आणि कर्जावर व्याज चालू राहतं, असं होतं. पावतीवर कर्जखात्याचा क्रमांक आहे ना ते तिथंच पाहावं आणि दुसऱ्या दिवशी खात्याचा उतारा मागावा. उताऱ्यात मुद्दल ८१,६७१ दिसायला हवं. ते एक लाखच दिसत असेल तर भरणा दुसऱ्या खात्यात गेला आहे. ८१,६७१ पेक्षा बरंच जास्त दिसत असेल तर मधे एखादं शुल्क वळतं झालं आहे.

याच मुद्द्यावर पेढी एका बाबतीत बँकेच्या पुढे असते. अर्धे पैसे दिले की ‘बांगड्या घेऊन जा, मंगळसूत्र राहू द्या’ असं सावकार करू शकतो. बँकेत एका कर्जाचे सगळे दागिने एकाच पाकिटात मोहोरबंद होतात आणि बहुतेक ठिकाणी पूर्ण कर्ज फिटल्याशिवाय ते पाकीट उघडत नाही. एखादा डाग मधेच हवा असेल तर जुनं कर्ज बंद करून उरलेल्या दागिन्यांवर नवं काढावं लागतं, आणि मूल्यांकनाची, प्रक्रियेची फी पुन्हा पडते. यावर सोपा उपाय आहे. घेतानाच दोन वेगळी कर्जं घ्यायची, दोन पाकिटांवर. घरातल्या लग्नाला किंवा गौरी-गणपतीला लागणारा दागिना लहान कर्जावर ठेवायचा आणि भिशीचे पैसे आले की आधी तेवढं फेडायचं. प्रक्रिया शुल्क टक्क्यांत असेल तर दोन कर्जांनी ते वाढत नाही. मूल्यांकनाचे तीनचारशे मात्र जास्तीचे लागतात. माझ्या मते ते देण्यासारखे आहेत.

मग किती सोनं ठेवायचं? बायकांच्या अंगावरचं सगळं काढून काउंटरवर ठेवण्याची घाई होते, आणि ती टाळता येते. रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पर्यंत सर्वांनी लागू करायच्या निर्देशांनुसार, घरखर्चासारख्या कारणासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, अडीच ते पाच लाखांना ८० आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. एकदम फेडीच्या कर्जात ही मर्यादा हातात मिळणाऱ्या रकमेवर मोजत नाहीत, मुदतीअखेर द्याव्या लागणाऱ्या व्याजासकट रकमेवर मोजतात. सोन्याचा भावही दुकानातला धरत नाहीत. गेल्या तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला कमी असेल तो घ्यायचा. खडे, लाख, काळे मणी वजनातून वजा करायचे आणि घडणावळीला काही किंमत नाही.

सोपेपणासाठी २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू. वर्षाअखेर द्यायचे १,१०,४७१. त्याला ८५ टक्क्यांच्या हिशेबानं १,३०,००० रुपयांचं सोनं लागतं, म्हणजे निव्वळ १३ ग्रॅम. बँक स्वतःची मर्यादा याहून खाली ठेवू शकते, मग १५ ग्रॅम लागतील. पण लाखासाठी तीन तोळे लागत नाहीत. पेढीवर मात्र अनेकदा तेवढे मागतात, आणि जास्त सोनं अडकलं की जास्त नुकसानीची भीती असते. मंगळसूत्राचं एकूण वजन आणि मणी-लाख वजा केल्यावरचं वजन, दोन्ही पावतीवर हवीत. प्रत्येक डागाचं वेगळं वजन आणि कॅरेट लिहून घ्यावं. ‘सोन्याचे दागिने, एकूण ३४ ग्रॅम’ एवढंच लिहिलेली पावती सोडवायच्या दिवशी भांडणाला कारण होते.

कसोटी आपल्यासमोर करायची, हाही त्याच निर्देशांतला नियम आहे. वजन होत असताना काट्याचा आकडा आपल्याला दिसेल अशी जागा मागून घ्यावी. बँकेनं व्याज, फी, सगळं धरून वार्षिक दर दाखवणारं मुख्य माहितीपत्रक द्यायचं असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यातला सर्व खर्चासकटचा टक्का पाहावा, जाहिरातीतला नाही. व्याज पैसे हातात पडल्याच्या तारखेपासूनच लागायला हवं, मंजुरीच्या तारखेपासून नाही, आणि महिन्याच्या थोड्याच दिवसांसाठी कर्ज असेल तर पूर्ण महिन्याचं व्याज बँकेला घेता येत नाही. पेढीवरचा महिना मोडण्याचा रिवाज बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्येच चुकीचा ठरवला आहे.

पेढीवर मुख्य माहितीपत्रक नसतं, म्हणून ते बोलण्यातून काढून घ्यावं लागतं. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी ते फार चांगलं केलं असं समजा.

“शेठ, शेकडा सव्वा समजलं. पण ऑगस्टच्या दहा तारखेला मी वीस हजार आणून दिले, तर अकरा तारखेपासून व्याज किती रकमेवर लागेल?”

“ते वहीत जमा होईल, वहिनी. शेवटी बघू.”

“शेवटी नको. आत्ता याच कागदावर लिहून द्या. नोव्हेंबरच्या चौदा तारखेला मला एकूण किती रुपये आणावे लागतील, तेवढा आकडा.”

हा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारायचा, त्याच तारखा आणि तीच रक्कम सांगून. बँकेनं ८३,८१९ सांगितलं पाहिजे, कारण उरलेलं मुद्दल ८१,६७१ आणि व्याज २,१४८. सरळ हिशेबाच्या सावकारानं ८५,७६२ सांगितलं पाहिजे. रिवाजांचा सावकार ८६,२५० म्हणेल. तो आकडा सरळ हिशेबापेक्षा जेमतेम पाचशेनं जास्त दिसतो, पण त्यानं सुरुवातीलाच साडेबाराशे कापलेले आहेत हे त्यात दिसत नाही. म्हणून शेवटच्या आकड्याबरोबर दहा जूनला हातात किती पडले, हेही लिहून घ्यायचं. मिळालेले आणि दिलेले, या दोन बेरजांची वजाबाकी म्हणजे कर्जाची किंमत. दर, शेकडा, दसादशे, फी, सगळं तिच्यात येतं.

दिवाळीचा बोनस येऊन सोडवायला जाण्याच्या दिवशीची एक गोष्ट उरते. पूर्ण फेड झाल्यावर बँकेनं दागिने त्याच दिवशी किंवा जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे असतात. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पेढीवर असा नियम नाही, आणि तिथं कधीकधी आपला दागिना पुढे दुसऱ्याकडे गहाण गेलेला असतो. पैसे घेऊन गेल्यावर ‘दोन दिवसांनी या’ म्हणतात ते बहुधा त्यामुळेच. अशा वेळी पैसे तसेच घेऊन परत यायचं नाही आणि नुसते देऊनही यायचं नाही. पैसे द्यायचे, त्या तारखेची पावती घ्यायची आणि तिच्यावर ‘आजपासून व्याज बंद’ असं लिहून घ्यायचं. दागिने मिळतील तेव्हा जूनमधल्या पावतीतली वजनं समोर ठेवून एकेक डाग काट्यावर घालायचा, आणि वजन जुळल्यावरच मूळ पावतीवर दोघांच्या सह्यांनिशी ‘भरून पावलो’ लिहून ती परत घ्यायची.